पूर्व आफ्रिकेच्या सीमाशुल्क संघाबाबत मुंबईतील निर्यातदार संघटनांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय पदाधिकारी व कार्यकारिणी सदस्य,
मुंबईतील निर्यातदार संघटना

स. न. वि. वि.

पूर्व आफ्रिकेतील बाजाराविषयी केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा सध्या आपल्या सभासदांत फिरत आहे. तो मी काळजीपूर्वक वाचला. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी सीमाशुल्क संघ केल्यापासून मुंबईचा माल मागे पडला, म्हणजे हा संघ व्यापाराचे विचलन करणारा, बाहेरच्या स्वस्त मालाऐवजी शेजाऱ्याचा महाग माल घ्यायला लावणारा आहे आणि म्हणून भारताने त्याला हरकत घ्यावी, असा त्याचा मुख्य मुद्दा आहे. निर्यातीच्या खर्चाचे हिशेब करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या मसुद्यातील तक्रार खरी असली तरी तिची मांडणी चुकीच्या पायावर उभी आहे, असे मला मनापासून वाटते. आपला माल कमी खपला ही गोष्ट वेगळी आणि संघामुळे युगांडाचे नुकसान झाले ही गोष्ट वेगळी. पहिल्या गोष्टीबद्दल कंपालामध्ये कोणालाही फारशी काळजी वाटणार नाही. दुसरी गोष्ट आपण आकड्यांनी दाखवू शकलो, तरच आपले निवेदन वाचले जाईल.

आधी घडले काय ते पाहू. या तीन देशांनी मार्च 2004 मध्ये सीमाशुल्क संघाच्या करारावर सह्या केल्या आणि 1 जानेवारी 2005 पासून तो अमलात आला. बाहेरून येणाऱ्या मालासाठी तिघांनी एकच शुल्करचना स्वीकारली: कच्च्या मालाला व भांडवली वस्तूंना शून्य, अर्धप्रक्रिया केलेल्या मालाला 10 टक्के आणि तयार मालाला 25 टक्के. साखर, तांदूळ, दूध अशा काही संवेदनशील वस्तूंवर याहून बरेच जास्त दर ठेवले गेले. युगांडाची त्याआधीची रचना शून्य, 7 आणि 15 टक्के अशी होती. म्हणजे संघात शिरताना युगांडाला बाहेरच्या जगासाठी आपली भिंत उंच करावी लागली. केनियाचे वरचे दर आधीपासूनच चढे होते, तेथे ती काही ठिकाणी खाली आली. आपल्या मसुद्यात ही बाब कोठेही नाही. नैरोबीला माल पाठवणाऱ्या आपल्याच काही सभासदांसाठी हे दार थोडे अधिक उघडले असेल, तर कंपालाला पाठवणाऱ्यांसाठी ते अरुंद झाले. दोघांची तक्रार एकाच वाक्यात बसवता येणार नाही.

संघाच्या आतल्या शुल्काचे काय झाले, हेही नेमके सांगायला हवे. केनियाचे कारखाने इतर दोघांपेक्षा पुढारलेले असल्यामुळे युगांडा आणि टांझानियाने केनियाच्या ठरावीक वस्तूंवर काही वर्षे शुल्क चालू ठेवले. युगांडात ते 2005 मध्ये 10 टक्के होते, दरवर्षी 2 टक्क्यांनी कमी होत गेले आणि 2010 मध्ये शून्यावर आले. युगांडा व केनिया हे दोघेही कोमेसा या मोठ्या व्यापारगटात असल्यामुळे केनियाच्या मालाला युगांडात त्याआधीही सवलतीचा दर मिळत होता. तेव्हा 2005 च्या आधी सगळे समान होते आणि नंतर एकदम अन्याय सुरू झाला, हे मसुद्यातले चित्र बरोबर नाही. सवलत आधीही होती, संघामुळे तिची रुंदी वाढली.

ही रुंदी काय करते, ते आपल्या नेहमीच्या मालावर लावून पाहू. मशीद बंदरच्या पेढ्यांतून पाठवली जाणारी प्लास्टिकची बादली घ्या. पुढील सर्व आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. आपापल्या वस्तूचे खरे आकडे प्रत्येकाने त्यांच्या जागी घालावेत. समजा मुंबईची बादली सागरी भाडे, विमा आणि मोंबासाहून पुढचा हजाराहून अधिक किलोमीटरचा रस्ता धरून कंपालामध्ये शुल्कापूर्वी 100 ला पडते आणि नैरोबीची बादली त्याच ठिकाणी 112 ला पडते. बादल्या एकात एक बसवून भरल्या तरी कंटेनर वजनाआधी आकारमानाने भरतो, आणि तरीही आपला साचा, आपले उत्पादनाचे प्रमाण आणि आपली मजुरी यांमुळे आपण स्वस्त पडतो, असे धरू. संघापूर्वी आपल्यावर 15 टक्के शुल्क लागे आणि केनियावर सवलतीचे 6 टक्के लागे असे मानले, तर दुकानापर्यंत आपली बादली 115 ला आणि केनियाची सुमारे 119 ला पोहोचत होती. बाजार आपला होता. 2010 नंतर आपली 125 ला आणि केनियाची 112 ला. बाजार केनियाचा झाला.

येथपर्यंत मसुदा बरोबर आहे. पुढचा अर्धा हिशेब त्यात नाही, आणि तोच कामाचा आहे. युगांडात वर्षाला 1,000 बादल्या खपत होत्या असे धरा. ग्राहकाला बादलीमागे 3 स्वस्त मिळाली, म्हणजे त्याच 1,000 बादल्यांवर 3,000 वाचले. स्वस्ताईमुळे आणखी 40 बादल्या खपल्या असतील, तर त्यांचा थोडा लाभ, सुमारे 60, वर धरावा. दुसऱ्या बाजूला युगांडाच्या तिजोरीत पूर्वी बादलीमागे 15 प्रमाणे 15,000 जमा होत होते, ते पूर्ण बंद झाले. देशाचा एकूण तोटा 11,940 झाला. वेगळ्या वाटेने पाहिले तरी उत्तर जवळपास तेच येते: जो माल परदेशाकडून 1,00,000 ला मिळत होता, त्यासाठी आता दुसऱ्या परदेशाला 1,12,000 मोजावे लागतात. पूर्वी ग्राहक जे जास्त देत होता ते युगांडाच्याच सरकारकडे जात होते. आता तो देतो त्यातला मोठा भाग शेजारच्या देशातील महागड्या उत्पादनाचा खर्च भागवण्यात जातो. जेकब वायनर या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये सीमाशुल्क संघाचे जे दोन परिणाम वेगळे करून दाखवले, त्यांपैकी व्यापार-विचलन म्हणतात ते हेच. पुढे इतरांनी त्यात ग्राहकाच्या वाढलेल्या खपाचा लाभ जोडला. वरच्या हिशेबातील 3,060 तो लाभ धरूनच आले आहेत, आणि तेवढ्याने 15,000 ची भरपाई होत नाही.

याच उदाहरणातील मधली वर्षे मला सर्वांत बोलकी वाटतात. बादली हळूहळू शुल्क कमी होणाऱ्या यादीत होती असे धरले, तर 2005 मध्ये आपल्यावर लगेच 25 टक्के लागले आणि केनियावर 10 टक्के. आपली बादली 125 ला, केनियाची सुमारे 123 ला. म्हणजे पहिल्याच वर्षी बाजार आपल्या हातून गेला, पण ग्राहकाला बादली स्वस्त न मिळता 115 ऐवजी 123 ला पडली, आणि तिजोरीलाही 15 ऐवजी 11 च्या आसपास मिळाले. 2006 मध्ये किंमत सुमारे 121, 2007 मध्ये 119 च्या जवळ, 2008 मध्ये 116 ते 117. ग्राहकाचा भाव पूर्वीच्या 115 च्या खाली आला तो 2009 मध्ये. शेजाऱ्याशी व्यापार मोकळा झाला असे सगळीकडे म्हटले जात असताना चार वर्षे कंपालाच्या गृहिणीने जास्त पैसे मोजले असतील, तर ती गोष्ट मांडण्यासारखी आहे. तिच्यासाठीही मांडावी, फक्त आपल्या ऑर्डरीसाठी नव्हे.

मसुद्यातील सर्वांत दुबळी बाजू म्हणजे तो प्रत्येक वस्तूला हाच न्याय लावतो. सिमेंटसारखा वजनदार आणि किमतीने हलका माल घ्या. तो मुंबईहून कंपालाला पाठवायचा तर भाड्यानेच त्याची किंमत फुगेल. समजा तो 140 ला पडतो, युगांडातल्या एखाद्या कारखान्यात 104 ला तयार होतो आणि केनियाचा सीमेवर 100 ला मिळतो. पूर्वी 6 टक्के शुल्क धरून केनियाचा माल 106 ला पडत होता, म्हणून युगांडात घरचाच माल खपत असे. शुल्क शून्य झाल्यावर केनियाचा खपू लागला. यात तिजोरीने काहीही गमावले नाही, कारण त्या मालावर आधी आयातच नव्हती. जो माल बनवायला देशाला 104 खर्च येत होता तो 100 ला मिळू लागला, तेवढी साधने दुसऱ्या कामाला मोकळी झाली. हा व्यापार नव्याने निर्माण झाला; वायनरने दाखवलेला दुसरा परिणाम, व्यापार-निर्मिती, तो हाच. आपण या बाजारात कधीही नव्हतो आणि संघ मोडला तरी येणार नाही. शेजार आणि रस्ता यांचा हा खरा फायदा आहे, त्याला विचलन म्हणून हिणवले तर आपलीच विश्वासार्हता जाईल.

औषधांचेही तसेच. मुंबई आणि आसपासच्या कारखान्यांतून पूर्व आफ्रिकेत जाणारा हा फार महत्त्वाचा माल आहे, पण 2005 च्या रचनेत बहुतेक औषधे शून्य टक्क्याच्या पट्टीत होती. बाहेरच्याला शून्य आणि आतल्यालाही शून्य असेल तर सवलत उरतेच कोठे, आणि सवलत नसेल तर संघामुळे विचलन होणार तरी कसे? औषधांच्या निर्यातीत एखाद्या वर्षी घट आली असेल, तर तिची कारणे निविदा, नोंदणीचे नियम, स्पर्धा किंवा चलनाचा दर यांत शोधावी लागतील. मसुद्यात औषधांची घट संघाच्या माथी मारली आहे. तो परिच्छेद काढून टाकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

युगांडाचे वाटाघाटी करणारे लोक जाणते होते, मग त्यांनी असा तोट्याचा सौदा का स्वीकारला, असा प्रश्न एका बैठकीत निघाला होता. याचे एक कारण या दोन परिणामांच्या स्वभावातच आहे. व्यापार-निर्मिती देशाच्या फायद्याची असते, पण तिच्यात देशातलाच एखादा कारखाना मागे पडतो, त्याचे मालक आणि कामगार मंत्र्यांच्या दारात उभे राहतात. विचलन देशाच्या तोट्याचे असते, पण त्यात मार खाणारा परदेशी निर्यातदार असतो आणि तिजोरीतली घट इतर आकड्यांत विरून जाते. म्हणून वाटाघाटीच्या टेबलावर जे सोपे वाटते ते नेमके जास्त महागात पडते. पूर्व आफ्रिकेला याचा जुना अनुभव आहे. 1967 च्या कराराने उभा राहिलेला याच तीन देशांचा पहिला समुदाय 1977 मध्ये कोसळला. त्यामागे राजकीय वैर होतेच, पण कारखाने केनियात वाढतात आणि महाग मालाचा भार आम्ही उचलतो, ही युगांडा व टांझानियाची तक्रार त्याहून जुनी होती. त्या करारात या दोघांना केनियाच्या तयार मालावर विशेष कर लावण्याची मुभा ठेवली होती, ती यासाठीच. 2005 मधील टप्प्याटप्प्याने उतरणारे शुल्क त्याच मुभेचा पुढचा अवतार आहे. हा इतिहास कंपालाच्या अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. निवेदन त्यांच्या या जुन्या चिंतेशी जोडले, तर ते परक्याचे गाऱ्हाणे ठरणार नाही.

आता प्रश्न उरतो तो ओळखायचे कसे हा. प्रत्येक वस्तूसाठी, एचएस कोडच्या पातळीवर, युगांडाच्या आयातीचे आकडे देशवार घ्यावेत: किती माल कोठून आला आणि शुल्कापूर्वी त्याची एकक किंमत काय होती. 2005 च्या आधीची दोन-तीन वर्षे आणि 2010 च्या नंतरची दोन-तीन वर्षे शेजारी ठेवावीत. एकूण आयात साधारण तेवढीच राहिली, बाहेरच्यांचा वाटा घटला, केनियाचा वाढला आणि केनियाच्या मालाची शुल्कापूर्वीची किंमत आपल्यापेक्षा जास्त असेल, तर ते विचलन. एकूण आयात वाढली, बाहेरच्यांचा माल होता तेवढाच राहिला आणि युगांडातले उत्पादन घटले, तर ती निर्मिती. बहुतेक वस्तूंमध्ये दोन्हींची सरमिसळ निघेल. ती तशीच लिहावी.

या कामात काही खड्डे आहेत. मोंबासा बंदरातून पुढे जाणारा आपलाच माल एखाद्या केनियन व्यापाऱ्याने आपल्या नावावर उतरवून पुन्हा पाठवला, तर युगांडाच्या नोंदीत तो केनियाचा दिसू शकतो. तेव्हा मूळ देशाची नोंद आणि पाठवणाऱ्या देशाची नोंद यांत गल्लत होऊ देऊ नये. एकक किमतीत दर्जाचा फरक दडलेला असतो. जाड तळाची बादली आणि पातळ बादली एकाच कोडखाली येतात. भारताच्या पूर्व आफ्रिकेतील निर्यातीत शुद्ध केलेल्या खनिज तेलाचा वाटा काही वर्षे फार मोठा होता, तो बाजूला काढल्याशिवाय एकूण आकडा चढला की उतरला याला काही अर्थ नाही. आणि याच वर्षांत चीनचा माल त्या बाजारांत मोठ्या प्रमाणावर शिरला. चीनलाही आपल्याएवढेच 25 टक्के लागत होते. आपली जागा चीनने घेतली असेल, तर तो दोष संघाचा नाही.

हे सगळे करून झाल्यावर मागायचे काय? संघाला सरसकट हरकत घेऊन काही मिळणार नाही. युगांडाकडे एकट्याकडे कायमची सवलत मागूनही फारसे साधणार नाही, कारण समान बाह्य शुल्क बदलणे हा संघाने एकत्र घ्यायचा निर्णय आहे. पण व्यवहारात ते शुल्क पूर्ण समान कधीच नसते. दरवर्षी साधारण जूनअखेर, हा संघ ज्याचा भाग आहे त्या पूर्व आफ्रिकी समुदायाचे राजपत्र निघते आणि त्यात कोणता देश कोणत्या वस्तूवर वर्षभरासाठी वेगळा दर लावणार हे जाहीर होते. केनियाने तांदळावर 75 टक्क्यांऐवजी 35 टक्के दर चालू ठेवला तो अशाच तरतुदीतून. आपल्या मागणीची खरी जागा येथे आहे.

यासाठी प्रत्येक निर्यातदाराला एक आकडा माहीत असावा लागेल, तो म्हणजे शुल्कापूर्वी आपला माल केनियाच्या मालापेक्षा किती टक्के स्वस्त पडतो. वरच्या बादलीत तो फरक 100 वर 12 आहे. बाह्य शुल्क 25 असेल तर आपण बाहेर, 12 च्या खाली आले की आपण आत. ते 10 झाले तर आपली बादली 110 ला पडेल आणि केनियाची 112 ला. कंपालाच्या ग्राहकाला ती 2 ने स्वस्त मिळेल आणि तिजोरीला बादलीमागे पुन्हा 10 मिळतील. ही मागणी त्यांच्या अर्थमंत्रालयाला पटण्यासारखी आहे, कारण तीत त्यांच्याच ग्राहकाचा आणि तिजोरीचा लाभ आहे. ज्यांचा फरक 2 किंवा 3 टक्केच आहे, त्यांना 10 टक्क्यांची पट्टीही उपयोगी नाही. त्यांची नावे या मागणीत घालून ती पातळ करू नये. 2022 च्या जुलैपासून समुदायाने 35 टक्क्यांची चौथी पट्टी आणली आहे. फर्निचर, चामड्याच्या वस्तू, कापड आणि लोखंडी मालातील काही वस्तू तीत गेल्या आहेत. त्या वस्तूंची तपासणी सर्वांत आधी करावी, कारण तेथे स्वस्त माल बाहेर राहण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

दुसरी एक बाब कच्च्या मालाची. केनियाचा बादलीवालाही प्लास्टिकचे दाणे बहुतेक बाहेरूनच आणतो आणि कच्चा माल शून्य पट्टीत आहे. समजा दाणे 60 चे आहेत. मग मुंबईच्या बादलीत कारखान्याने आणि वाहतुकीने घातलेली भर 40 ची, आणि 125 पर्यंत भाव नेण्याची मुभा असलेल्या केनियाच्या कारखान्याला तीच भर 65 पर्यंत नेता येते. तयार मालावर 25 टक्के लिहिलेले संरक्षण प्रत्यक्ष कामावर 60 टक्क्यांहून जास्त पडते. निवेदनात हा हिशेब अवश्य द्यावा. आणि दाणे विकणाऱ्या आपल्या सभासदांना संघामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले असेल, तर तेही लिहावे, लपवू नये.

मसुदा मंत्रालयाकडे पाठवण्यापूर्वी सभासदांकडून वस्तूचा एचएस कोड, मोंबासापर्यंतची सीआयएफ किंमत, कंपालापर्यंतचा पुढचा खर्च, स्पर्धक केनियन मालाचा शुल्कापूर्वीचा भाव आणि 2005 पूर्वीचा खप एवढी माहिती मागवावी. ती गोळा करून वस्तूवार तक्ता बांधण्याचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे. पुढील राजपत्राच्या आधी दिल्लीतून आणि तेथून कंपालातील उच्चायुक्तालयापर्यंत कागद पोहोचायचा असेल, तर ही माहिती जानेवारीअखेर हाती यायला हवी.

आपला विश्वासू,
निर्यात-खर्चाचे हिशेब करणारा एक सभासद
मुंबई